अवयव पाडताना उत्तर एकच का येते? पूर्णांकांपासून अनेक चलांच्या बहुपदींपर्यंत

गणिताच्या वहीत ‘अवयव पाडा’ या शीर्षकाखाली पुढील राशी लिहिली आहे, असे समजा:

x²y + xy² + x + y

एक विद्यार्थी पहिल्या दोन पदांतून xy सामाईक काढतो, xy(x + y) + (x + y) असे लिहितो आणि (x + y)(xy + 1) या उत्तरावर येतो. दुसरा विद्यार्थी हीच राशी y च्या वर्गसमीकरणासारखी मांडतो, सूत्र वापरतो, बरीच आकडेमोड करतो आणि शेवटी त्याच उत्तराला पोहोचतो. पुस्तकाच्या मागे उत्तरसूचीत एकच उत्तर छापलेले असते आणि ते एकच का, असे कोणी विचारत नाही. तिसऱ्या एखाद्या पद्धतीने याच राशीचे अगदी वेगळे, पुढे न तुटणारे अवयव मिळणार नाहीत याची हमी मात्र शाळेत कोणी दिलेली नसते.

ही हमी एका प्रमेयातून मिळते. एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ते प्रमेय एका ओळीत सांगितले जाते: एखाद्या वलयात अवयवीकरण एकमेव असेल, तर त्या वलयातील सहगुणक घेऊन केलेल्या बहुपदींच्या वलयातही ते एकमेव असते. ओळ पाठ होते, पण तिच्यात नेमके काय दडले आहे ते अनेकांना उमगत नाही. या लेखात ते शांतपणे उलगडून पाहू. नववी-दहावीचे बीजगणित आठवत असेल तर तेवढी तयारी पुरेशी आहे.

## पूर्णांकांची शिडी

60 या संख्येचे मूळ अवयव 2 × 2 × 3 × 5 असे आहेत. क्रम बदलला किंवा दोन अवयवांची चिन्हे एकदम उलटी केली, तर तो फरक आपण फरक मानत नाही. प्रत्येक संख्या मूळ अवयवांपर्यंत तुटते हा भाग सोपा आहे, कारण तोडताना संख्या लहान होत जाते आणि कुठेतरी थांबावेच लागते. अवघड भाग एकमेवपणाचा आहे, आणि तो एकाच गुणावर उभा आहे: मूळ संख्या p ही a × b या गुणाकाराला भागत असेल, तर ती a ला किंवा b ला भागतेच. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या सातव्या पुस्तकातील तिसावे विधान हेच आहे. सोयीसाठी या लेखात त्याला ‘मूळ गुण’ म्हणू.

मूळ गुण हाती असला की एकमेवपणा आपोआप मिळतो. एकाच संख्येची दोन अवयवीकरणे समोर ठेवली, तर पहिल्यातील p दुसऱ्यातील गुणाकाराला भागते, म्हणून ती तिथल्या एखाद्या अवयवाला भागते. तो अवयव स्वतः मूळ असल्यामुळे तो p च असला पाहिजे. दोन्हीकडून p खोडावी आणि उरलेल्या भागावर हेच पुन्हा करावे.

पण मूळ गुण कुठून येतो? तो येतो बाकी उरणाऱ्या भागाकारातून. भागाकार पुन्हा पुन्हा करून दोन संख्यांचा मसावि काढता येतो, आणि त्याच आकडेमोडीतून तो मसावि ‘पहिलीची काही पट अधिक दुसरीची काही पट’ अशा रूपात लिहिता येतो. p ही a ला भागत नसेल, तर दोघांचा मसावि 1 असतो, म्हणून pu + av = 1 असे u आणि v सापडतात. या समीकरणाला b ने गुणले की pub + avb = b मिळते. डावीकडची दोन्ही पदे p च्या पटीत आहेत, म्हणजे b सुद्धा p च्या पटीत आहे. अशी ही शिडी आहे: भागाकारावरून पटींची बेरीज, तिच्यावरून मूळ गुण आणि मूळ गुणावरून एकमेवपणा. पुढे बहुपदींकडे गेल्यावर या शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या निखळतात आणि तरीही वरच्या दोन शाबूत राहतात. प्रमेयातला खरा नवलाचा भाग तोच आहे.

## जिथे एकमेवपणा फसतो

एकमेवपणा ही फुकट मिळणारी गोष्ट नाही, हे पटण्यासाठी a + b√−5 या रूपाच्या संख्या पाहू. इथे a आणि b पूर्णांक आहेत. या संख्यांची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार केले तरी उत्तर याच रूपात राहते. पण इथे

6 = 2 × 3 = (1 + √−5)(1 − √−5)

अशी दोन वेगळी अवयवीकरणे निघतात. हे चार अवयव आणखी तुटत असतील आणि तुटल्यावर दोन्ही बाजू जुळत असतील, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ती तपासण्यासाठी प्रत्येक संख्येला a² + 5b² हे माप द्यावे. गुणाकाराचे माप हे मापांचा गुणाकार असते. आपल्या चार अवयवांची मापे अनुक्रमे 4, 9, 6 आणि 6 आहेत. यांपैकी कोणताही अवयव खऱ्या अर्थाने तुटायचा असेल, तर 2 किंवा 3 माप असलेली संख्या हवी. पण a² + 5b² ची किंमत 2 किंवा 3 कधीच येत नाही. म्हणजे चारही अवयव अविभाज्य आहेत.

इथे दोन कल्पना एकमेकींपासून सुटतात. 2 अविभाज्य आहे, पण तिच्यापाशी मूळ गुण नाही: ती (1 + √−5)(1 − √−5) या गुणाकाराला भागते, मात्र त्यातील एकाही अवयवाला भागत नाही. पूर्णांकांत ‘न तुटणारी’ आणि ‘मूळ गुण असलेली’ ही एकाच संख्येची दोन वर्णने असतात. इथे ती तशी नाहीत. हे उदाहरण लक्षात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे.

## प्रमेय काय म्हणते

वलय म्हणजे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांच्या बाबतीत बंदिस्त असलेली व्यवस्था. भागाकार तिच्यात दर वेळी जमेलच असे नाही. पूर्णांक हे वलय आहे आणि a + b√−5 या संख्या हेही वलय आहे. या लेखात वलय म्हटले की गुणाकाराचा क्रम बदलता येतो आणि दोन शून्येतर घटकांचा गुणाकार शून्य होत नाही, असे गृहीत धरले आहे. वलयातील ज्या घटकांचा गुणाकारी व्यस्त त्याच वलयात असतो, त्यांना एकक म्हणतात. पूर्णांकांत फक्त 1 आणि −1 हे एकक आहेत. 6 = 2 × 3 = (−2) × (−3) यांतला फरक फक्त एककांचा आहे, म्हणून तो मोजायचा नाही.

आता R हे एकमेव अवयवीकरण असलेले वलय घ्या. ज्यांचे सहगुणक R मधले आहेत अशा x च्या सर्व बहुपदींच्या वलयाला R[x] म्हणतात. प्रमेयानुसार R[x] मध्येही अवयवीकरण एकमेव असते. R म्हणजे पूर्णांक घेतले, तर पूर्णांक सहगुणक असलेल्या बहुपदींबद्दल हमी मिळते.

## सरळ वाट बंद का आहे

बहुपदींचाही बाकी उरणारा भागाकार आपण शाळेत केलेला असतो, मग पूर्णांकांचीच शिडी इथे लावावी असे कोणालाही वाटेल. पण तो भागाकार करताना आपण नकळत सहगुणकांचा भागाकार करत असतो. x² + 1 ला 2x ने भागायचे तर पहिल्याच पायरीला ½x लिहावे लागते आणि ½ हा पूर्णांक नाही.

ही केवळ पद्धतीची अडचण नाही. 2 आणि x या दोन बहुपदी घ्या. दोन्हींना भागणारे फक्त 1 आणि −1 आहेत, म्हणून त्यांचा मसावि 1 आहे. तरीही 2u + xv = 1 होईल अशा पूर्णांक सहगुणकांच्या u आणि v सापडणे अशक्य आहे, कारण डावीकडील अचल पद नेहमी सम येते. दोन चलांत तर सहगुणक परिमेय घेतले तरी सुटका नाही: xu + yv = 1 हे शक्य नाही, कारण x आणि y दोन्ही शून्य ठेवले की डावी बाजू शून्य होते. म्हणजे पटींच्या बेरजेची पायरी खरोखरच निखळलेली आहे, आणि तिच्या आधाराने मूळ गुणाकडे जाता येणार नाही.

## वरच्या गावच्या पुलावरून

समोरच्या काठावर जायचे आहे पण ओढ्यावर पूल नाही, तेव्हा माणूस वरच्या गावापर्यंत चालत जातो, तिथला पूल ओलांडतो आणि पलीकडच्या काठाने खाली येतो. इथेही तेच करायचे आहे. वरचे गाव म्हणजे अपूर्णांक. सहगुणक परिमेय असण्याची मुभा दिली, की बाकी उरणारा भागाकार अडखळत नाही, पूर्ण शिडी लागते आणि परिमेय सहगुणकांच्या एका चलातील बहुपदींचे अवयवीकरण एकमेव ठरते. प्रश्न उरतो तो परत येण्याचा: अपूर्णांकांत मिळालेले अवयव पूर्णांकांत आणताना काही बिघडत तर नाही?

एक साधे उदाहरण घेऊ. कोणी 6x² − x − 2 चे अवयव असे पाडले:

6x² − x − 2 = (x − 2/3)(6x + 3)

गुणून पाहिल्यास हे बरोबर आहे. पहिल्या कंसातून 1/3 बाहेर काढला तर आत 3x − 2 उरते, दुसऱ्यातून 3 बाहेर काढला तर आत 2x + 1 उरते. बाहेर आलेल्या 1/3 आणि 3 यांचा गुणाकार 1 होतो, आणि (3x − 2)(2x + 1) हे स्वच्छ उत्तर मिळते. छेद नेमका नाहीसा झाला. हा योगायोग आहे की असे नेहमीच घडते?

नेहमीच घडते, आणि त्याचे कारण समजण्यासाठी एकच नवी संज्ञा लागते. ज्या बहुपदीच्या सर्व सहगुणकांना सामाईक असा एककाशिवाय दुसरा विभाजक नसतो, तिला प्रिमिटिव्ह म्हणतात. आपण तिला ‘निखळ’ म्हणू. 3x − 2 निखळ आहे, 6x + 3 नाही. कोणत्याही बहुपदीतून छेद आणि सामाईक विभाजक बाहेर काढले की आत निखळ बहुपदी उरते. म्हणून सारा प्रश्न एका विधानावर येऊन ठेपतो: दोन निखळ बहुपदींचा गुणाकार निखळच असतो का?

## गाउसचे सहायक प्रमेय

होय, असतो, आणि हे विधान गाउसच्या नावाने ओळखले जाते. त्याचे मूळ १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिस्क्विझिशिओनेस अरिथमेटिके’ या लॅटिन ग्रंथाच्या ४२ व्या कलमात आहे. तेव्हा गाउस २४ वर्षांचा होता. तिथली मांडणी थोडी वेगळी आहे. ज्यांचा सर्वांत मोठ्या घाताचा सहगुणक 1 आहे अशा दोन बहुपदींचे सहगुणक परिमेय असून सगळेच पूर्णांक नसतील, तर त्यांच्या गुणाकाराचे सहगुणकही सगळे पूर्णांक असू शकत नाहीत, असे तिथे म्हटले आहे. गाभा तोच आहे.

सिद्धता एका उदाहरणात पूर्ण दिसते. 4 + 6x + 3x² आणि 2 + 5x + 7x² या दोन्ही बहुपदी निखळ आहेत. त्यांच्या गुणाकाराचे सर्व सहगुणक 2 ने भागले जातील का, हे पाहू. पहिल्या बहुपदीत डावीकडून येताना 2 ने न भागला जाणारा पहिला सहगुणक 3 आहे आणि तो x² चा आहे. दुसरीत असा पहिला सहगुणक 5 आहे आणि तो x चा आहे. या दोन घातांची बेरीज 3, म्हणून गुणाकारातील x³ चा सहगुणक तपासावा. तो 6 × 7 + 3 × 5 असा बनतो. 6 × 7 मध्ये 2 आहे, कारण त्यातील 6 पहिल्या बहुपदीत 3 च्या आधी आलेला आहे. 3 × 5 मध्ये मात्र 2 नाही. बेरीज 57 येते, जी विषम आहे. पूर्ण गुणाकार असा:

8 + 32x + 64x² + 57x³ + 21x⁴

पहिले तीन सहगुणक 2 च्या मोठ्या मोठ्या पटीत असूनही 57 ने अडवले. कोणतीही दुसरी मूळ संख्या घेतली तरी हीच रीत चालते: दोन्ही बहुपदींतील पहिले न भागले जाणारे सहगुणक जिथे एकत्र येतात, त्या पदात एकच गुणाकार p पासून मुक्त असतो आणि बाकीचे सर्व p च्या पटीत असतात.

आता सिद्धतेत कोणता आधार वापरला ते पाहणे महत्त्वाचे आहे. 3 ला 2 भागत नाही, 5 लाही भागत नाही, म्हणून 3 × 5 लाही भागत नाही. हा मूळ गुणच आहे, आणि तो R मधल्या घटकांचा आहे. पटींची बेरीज कुठेही लागली नाही. जिथे जिथे R मध्ये अवयवीकरण एकमेव आहे तिथे अविभाज्य घटकांना मूळ गुण असतोच, म्हणून हे सहायक प्रमेय जसेच्या तसे लागू पडते. वलय पूर्णांकांचे असण्याची गरजच उरत नाही, आणि पुढच्या साऱ्या मजल्यांची किल्ली इथे आहे.

प्रमेयाचा उरलेला भाग आता थोडक्यात सांगता येतो. R[x] मधील बहुपदीतून सहगुणकांचा मसावि बाहेर काढावा. त्याचे अवयव R मध्ये एकमेव आहेत. उरलेली निखळ बहुपदी अपूर्णांकांच्या गावात नेऊन तोडावी, प्रत्येक तुकडा निखळ करावा. बाहेर आलेला अपूर्णांक a/b असेल, तर b पट मूळ बहुपदी ही a पट निखळ गुणाकाराएवढी होते. दोन्हीकडे सहगुणकांचा मसावि पाहिला तर b आणि a यांच्यात फक्त एककाचा फरक असतो, म्हणजे a/b हा एककच असतो. हाच युक्तिवाद दोन वेगवेगळ्या अवयवीकरणांची तुलना करतानाही लागू होतो: अपूर्णांकांच्या गावात ती अपूर्णांकाच्या फरकाने जुळतात, आणि निखळपणामुळे तो अपूर्णांक एकक ठरतो.

## अट खरोखर लागते का?

R मध्ये एकमेवपणा नसेल तर काय होते, हे पाहण्यासाठी a + b√−5 या वलयाकडे परत जाऊ. पुढील दोन बहुपदी घ्या:

2x + (1 + √−5) आणि 2x + (1 − √−5)

2 आणि 1 + √−5 यांना एककाशिवाय सामाईक विभाजक नाही, म्हणून पहिली निखळ आहे, दुसरीही तशीच. त्यांचा गुणाकार मात्र 4x² + 4x + 6 येतो, आणि त्यातून उघडपणे 2 बाहेर निघतो. दोन निखळ बहुपदींचा गुणाकार निखळ राहिला नाही. का, ते वरच्या सिद्धतेत शोधता येते: 2 ही 1 + √−5 ला भागत नाही, 1 − √−5 लाही भागत नाही, पण त्यांच्या 6 या गुणाकाराला भागते. सिद्धतेचा एकमेव खांब इथे मोडतो.

परिणाम असा की 2x² + 2x + 3 ही बहुपदी या वलयात तुटत नाही. 2 अविभाज्य असल्यामुळे, तुटायची झाल्यास एका अवयवात x चा सहगुणक एकक असावा लागेल, म्हणजे बहुपदीचे एक मूळ वलयातच असावे लागेल. पण तिची मुळे (−1 ± √−5)/2 आहेत आणि ती वलयात नाहीत. अपूर्णांकांच्या गावात मात्र ती सरळ दोन तुकडे होते. पुलावरून पलीकडे जाता येते, पण खाली उतरायची वाट नाही. एकमेवपणाची अट केवळ शोभेची नाही, हे यातून दिसते.

## दुसरे चल आले की

आता अनेक चलांकडे वळू. दोन चलांच्या बहुपदींसाठी वेगळे प्रमेय लागत नाही, फक्त नजर बदलावी लागते. x आणि y यांची बहुपदी ही y ची बहुपदी आहे असे समजावे, जिचे सहगुणक स्वतः x च्या बहुपदी आहेत. म्हणजे R च्या जागी आता x च्या बहुपदींचे वलय आले. त्यात एकमेवपणा आहे हे आत्ताच सिद्ध झाले, म्हणून तेच प्रमेय पुन्हा लावले की y सहितच्या वलयातही एकमेवपणा आला. मग z, मग पुढचे चल. इमारतीचा प्रत्येक मजला खालच्या मजल्याच्या छतावर त्याच आराखड्याने चढतो.

सुरुवातीच्या राशीवर हे प्रत्यक्ष करून पाहू. y च्या घातांनुसार मांडल्यावर ती अशी दिसते:

xy² + (x² + 1)y + x

सहगुणक x, x² + 1 आणि x आहेत. त्यांना सामाईक विभाजक नाही, म्हणून राशी निखळ आहे. आता वरच्या गावात जायचे. या मजल्यावर अपूर्णांक म्हणजे 1/x किंवा (x + 1)/(x² + 3) यांसारखी गुणोत्तरे. वर्गसमीकरणाच्या सूत्रातील विवेचक (x² + 1)² − 4x² म्हणजे (x² − 1)² येतो, जो पूर्ण वर्ग आहे. त्यामुळे y च्या दोन किमती −1/x आणि −x मिळतात, आणि

xy² + (x² + 1)y + x = x(y + 1/x)(y + x)

असे अवयव होतात. पहिल्या कंसात 1/x हा छेद आहे; त्याला बाहेरच्या x ने गुणले की xy + 1 मिळते. 6x² − x − 2 च्या उदाहरणात 1/3 आणि 3 यांनी जे केले, तेच इथे 1/x आणि x यांनी केले. उत्तर (xy + 1)(x + y). दुसऱ्या विद्यार्थ्याची लांबलचक आकडेमोड याच वाटेने गेली होती.

इथे एक सूक्ष्म बाब आहे, जी पुस्तकांत बहुधा एका वाक्यात उरकली जाते. मजले चढवताना आपण x आधी घेतला आणि y नंतर. क्रम उलटा केला असता तर सहगुणक वेगळे, अपूर्णांक वेगळे, निखळपणाची तपासणीही वेगळी झाली असती. पण ‘एका बहुपदीने दुसरीला भागणे’ या गोष्टीला क्रमाचा पत्ताच नसतो. वलय तेच आहे आणि त्यातले अविभाज्य घटकही तेच आहेत. म्हणून दोन्ही क्रमांनी निघणारे अंतिम अवयव जुळलेच पाहिजेत. एकमेवपणा सिद्ध करण्याच्या वाटा अनेक असल्या तरी ज्याच्याबद्दल तो सिद्ध होतो ती वस्तू एकच आहे.

आलेखाच्या भाषेत याचा अर्थ असा होतो की x²y + xy² + x + y = 0 या समीकरणाचा वक्र म्हणजे x + y = 0 ही रेषा आणि xy + 1 = 0 हा अपास्त यांची जोडी आहे; त्याला तिसरा कुठला घटक दडलेला नाही.

## ‘पण मला तर वेगळे उत्तर आले’

शाळेतले प्रसिद्ध सूत्र आठवा:

a³ + b³ + c³ − 3abc = (a + b + c)(a² + b² + c² − ab − bc − ca)

पूर्णांक किंवा वास्तव सहगुणकांत दुसरा कंस आणखी तुटत नाही. पण ω हे 1 चे संमिश्र घनमूळ घेण्याची परवानगी दिली, तर तोच कंस (a + ωb + ω²c)(a + ω²b + ωc) असा तुटतो. मग एकमेवपणा कुठे गेला, असा आक्षेप येऊ शकतो. तो कुठेही गेलेला नाही, कारण वलयच बदलले. प्रमेय एका ठरलेल्या वलयाच्या आत हमी देते. दोन वेगवेगळ्या वलयांतील उत्तरे जुळावीत असे ते म्हणत नाही. ‘अवयव पाडा’ या प्रश्नात ‘कोणत्या सहगुणकांत’ हे शब्द खरे तर लिहायला हवेत.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. साइनचा वर्ग म्हणजे (1 − cos t)(1 + cos t), आणि साइनचा वर्ग म्हणजे sin t × sin t सुद्धा. ही दोन वेगळी अवयवीकरणे नाहीत का? आहेत, आणि वास्तव सहगुणक ठेवून sin t व cos t यांपासून बनवलेल्या राशींच्या वलयात हे तिन्ही अवयव अविभाज्य आहेत. पण हे दोन चलांच्या बहुपदींचे वलय नाही. त्यात x² + y² = 1 हे बंधन लादले आहे, आणि प्रमेय फक्त मोकळ्या, परस्परांशी कोणतेही नाते नसलेल्या चलांबद्दल बोलते. बंधन घातले की एकमेवपणा राहील किंवा जाईल. प्रत्येक वेळी स्वतंत्र तपासावे लागते. याच वर्तुळावर संमिश्र सहगुणक घेतले तर एकमेवपणा परत येतो, कारण तेव्हा z = cos t + i sin t हा एकक होतो, आणि एकक सोडल्यास sin t हे (z − 1)(z + 1), 1 − cos t हे (z − 1)² आणि 1 + cos t हे (z + 1)² ठरते. दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात.

चले अनंत असली तर? तरीही हमी टिकते, कारण कोणत्याही एका बहुपदीत मोजकीच चले असतात आणि तिच्या अवयवांत तिच्यात नसलेले चल शिरू शकत नाही. गुणाकारात त्या चलाचा घात नाहीसा होणार नाही. अनंत पदांच्या घातश्रेणींबाबत मात्र असे विधान सरसकट खरे नाही. R मध्ये एकमेवपणा असूनही R च्या घातश्रेणींच्या वलयात तो नसतो, अशी उदाहरणे आहेत.

## मग अवयव शोधायचे कसे?

प्रमेय उत्तर एकच आहे असे सांगते, ते कसे शोधायचे हे सांगत नाही. अनेक चलांतून एका चलात उतरण्याची एक चलाख युक्ती क्रोनेकरच्या नावाने ओळखली जाते. आपल्या राशीत प्रत्येक चलाचा घात जास्तीत जास्त 2 आहे, म्हणून y च्या जागी x³ लिहावे. मग घात 3 च्या पायात लिहिलेल्या संख्येसारखा वाचता येतो आणि उलट प्रवास निश्चित राहतो: x⁵ म्हणजे x²y, x⁶ म्हणजे y². राशी अशी होते:

x⁷ + x⁵ + x³ + x = x(x² + 1)(x⁴ + 1)

मूळ राशीचे जे काही दोन अवयव असतील, त्यांची ही रूपे याच तीन तुकड्यांच्या दोन गटांनी बनलेली असली पाहिजेत, कारण एका चलातील अवयवीकरण एकमेव आहे. म्हणजे तपासायच्या वाटण्या फक्त तीन. x एकीकडे ठेवला तर उलट वाचून x(y² + xy + x² + 1) मिळते. गुणल्यावर y च्या जागी x³ हे पद येते, म्हणून हे चूक. x² + 1 एकीकडे ठेवले तर (x² + 1)(x²y + x) मिळते, तेही चूक. x⁴ + 1 एकीकडे ठेवले तर ते xy + 1 असे वाचले जाते, उरलेले x³ + x हे y + x असे वाचले जाते, आणि गुणाकार मूळ राशीशी जुळतो. यात x + y ही दोन चलांत न तुटणारी बहुपदी x(x² + 1) अशी तुटलेली दिसली. उतरताना तुकडे वाढतात, म्हणूनच परत येताना वाटण्या तपासाव्या लागतात. तुकडे वीस झाले तर अशा वाटण्या पाच लाखांहून अधिक होतात, त्यामुळे आजच्या संगणकीय बीजगणिताच्या प्रणाली प्रत्यक्षात दुसऱ्या, जलद रीती वापरतात.